एलआयसीची पॉलिसी आहे, मग मेडिक्लेम कशाला?



सोसायटीत विम्याची गोष्ट निघाली की दहातले बरेच जण सांगतात, “आमचा विमा आहे.” कागद आणायला सांगितले की बहुतेक वेळा एलआयसीची नाहीतर बँकेतून घेतलेली बचतीची पॉलिसी निघते. पॉलिसी चांगलीच आहे, पण ती हॉस्पिटलचे बिल भरत नाही. हे घरच्यांना कळते ते नेमके हॉस्पिटलच्या काउंटरवर. म्हणून आज हा फरक नीट समजून घेऊ.

बचतीच्या आयुर्विम्यात कंपनी दोनच वेळा मोठी रक्कम देते. मुदतीत माणूस गेला तर वारसाला, आणि मुदत संपेपर्यंत तो हयात असला तर त्याला स्वतःला. मधल्या काळात तो आजारी पडला, पंधरा दिवस आयसीयूत राहिला, तरी या पॉलिसीच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. (मनी बॅक पॉलिसीत मध्ये पैसे येतात, पण ते ठरलेल्या वर्षी. आजारपण पाहून नाही.) आरोग्य विम्याचे उलट आहे. त्यात खर्च झाला की खर्चाएवढे पैसे, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. आजारी पडलो नाही तर वर्षाअखेर हातात काही येत नाही.

गोंधळ इथेच होतो. “मेडिक्लेमचे पैसे फुकट जातात, हे तरी परत मिळतात,” असा हिशेब आपण करतो. आणि पॉलिसी विकणारा सांगतो, “अडीअडचणीला, आजारपणाला हीच कामी येईल.” तो अगदीच खोटे बोलत नाही. पॉलिसीवर कर्ज मिळते, किंवा ती मोडून पैसे घेता येतात. पण किती मिळतात, ते एकदा मांडून बघू.

समजा, मालीम जेटीवरचे एक ट्रॉलरमालक आहेत, वय ४१. त्यांनी १६ वर्षांची, ५ लाखांची पॉलिसी घेतली. हप्ता वर्षाला ४०,००० रुपये धरू. पाच वर्षे हप्ते भरले, म्हणजे २ लाख रुपये गेले. सहाव्या वर्षी छातीत दुखले, अँजिओप्लास्टी करावी लागली आणि खासगी हॉस्पिटलचे बिल २ लाख ८० हजार झाले.

आता पॉलिसी मोडायची म्हटले तर भरलेले २ लाखसुद्धा परत येत नाहीत. चौथ्या ते सातव्या वर्षात मोडल्यास भरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम ही साधारण हमीची असते, वर बोनसचा थोडा भाग. पॉलिसीप्रमाणे आकडा कमीजास्त होतो. आपण १ लाख १० हजार धरू. कर्ज घेतले तर या मोडीच्या किमतीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत मिळते, म्हणजे ९९ हजार. त्यासाठी मूळ बाँड कंपनीकडे ठेवावा लागतो आणि पैसे खात्यात यायला काही दिवस जातात. हॉस्पिटल ॲडव्हान्स मागते त्याच संध्याकाळी.

म्हणजे ५ लाखांची पॉलिसी घरात असून १ लाख ८१ हजार बाहेरून उभे करायचे. ते येतात सोन्यावर, नाहीतर मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घेऊन. आणि उचल घेतली की पुढच्या हंगामात मासळीचा दर ठरवायला आपले तोंड उरत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

याहून मोठे नुकसान पुढे आहे. पॉलिसी मोडली तर त्या माणसाचे आयुर्विम्याचे संरक्षण त्या दिवशी संपते, तेही हृदयाचा आजार निघाल्यावर. अशा माणसाला नवा आयुर्विमा एकतर मिळत नाही, किंवा बराच महाग मिळतो. कर्ज घेतले आणि व्याज थकत गेले, तर कर्ज मोडीच्या किमतीपर्यंत चढते आणि कंपनी पॉलिसी बंद करू शकते. दुर्दैवाने तो माणूस गेलाच, तर कर्ज आणि व्याज कापून उरेल तेच वारसाला. थोडक्यात, बायको-मुलांसाठी ठेवलेले पैसे आपण हॉस्पिटलला दिले.

“पण माझ्या पॉलिसीत गंभीर आजाराचा रायडर आहे,” असेही काही जण सांगतात. तो असेल तर चांगलेच. पण तो यादीतल्या आजारांनाच लागू होतो, आणि त्या आजाराची व्याख्या जुळली तरच ठरलेली रक्कम मिळते. पाय मोडला, अपेंडिक्स काढले, डेंग्यूने ॲडमिट झालो, तर त्यातून काही येत नाही. ॲक्सिडेंट रायडरही अपघाताने मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच. मत्स्यसंपदा योजनेतला मच्छीमारांचा गट अपघात विमाही अपघाताचाच आहे. मृत्यूला ५ लाख, पण अपघातात हॉस्पिटलचा खर्च फक्त २५ हजारांपर्यंत. तापाला, हृदयाला, किडनीला तो नाही.

मग आपल्याकडे काय आहे, हे ओळखायचे कसे? कागदावरचे दोन शब्द बघा. आयुर्विम्यावर ‘सम अशुअर्ड’ लिहिलेले असते, सोबत मॅच्युरिटीची तारीख आणि नॉमिनी. आरोग्य विम्यावर ‘सम इन्शुअर्ड’ असते, घरातल्या प्रत्येकाचे नाव आणि वय असते, आणि पॉलिसी बहुधा एका वर्षाची असून दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मॅच्युरिटीची तारीख दिसली आणि घरच्यांची नावे नसली, तर तो मेडिक्लेम नव्हे.

गोव्यातल्या घरांनी आधी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड शोधावे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख. पण उपचार यादीत हवा, हॉस्पिटल योजनेत हवे आणि कार्डाचे नूतनीकरण झालेले हवे. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर त्यांच्यासाठी आयुष्मानचे ५ लाखांचे वेगळे कार्ड निघते, त्याला उत्पन्नाची अट नाही. यावर आणखी संरक्षण हवे असेल तर मेडिक्लेम.

मेडिक्लेम घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, तो आजार होण्याआधी घ्यायचा असतो. पहिले ३० दिवस अपघात सोडून बहुधा काही मिळत नाही, आणि आधीपासून असलेल्या बीपी-शुगरसारख्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. तरीही ते आजार फॉर्मवर लिहाच. लपवले तर क्लेम अडतो. दुसरी गोष्ट नूतनीकरणाची तारीख. जून-जुलैच्या बंदीत हात रिकामा असतो आणि हप्ता चुकतो. वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलत असते, पण त्या दिवसांत आजारी पडलो तर खर्च मिळत नाही. तीही उलटली की पॉलिसी तुटते आणि थांबण्याची वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. म्हणून नवी पॉलिसी भर हंगामात काढा, दरवर्षीची तारीखही मग तेव्हाच येईल.

हे वाचून चालू असलेली बचतीची पॉलिसी कोणी घाईने मोडू नका. मोडीत काय जाते ते वर पाहिलेच. ती घरच्यांसाठी राहू द्या, आजारपणाची सोय वेगळी करा. कुठला कागद कशाचा हे कळत नसेल तर सगळे कागद पिशवीत घालून सोसायटीच्या ऑफिसात घेऊन या, आपण एकत्र बसून बघू.