राजगडला नक्की कोण येणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या ट्रेकिंग ग्रुपने राजगड ठरवला. सोळा जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘येतो’ म्हणून कळवलं, पण रविवारी पहाटे स्वारगेटला अकराच जण उभे होते. सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं ६,८०० रुपये. गाडी भरली असती तर माणशी ४०० पडले असते; आलेल्यांना ६१८ मोजावे लागले.

न आलेल्यांना मी दोष देत नाही. ‘कोणता दिवस जमेल?’ आणि ‘तू येणार का?’ हे दोन वेगळे प्रश्न मी एकाच मेसेजमध्ये विचारले होते. म्हणून यंदा असा मेसेज टाकला:

“मंडळी, राजगडच्या तारखेसाठी खाली पोल आहे. जमणाऱ्या सगळ्या रविवारांवर टिक करा. मुदत बुधवार रात्री नऊ. तारीख ठरली की गूगल फॉर्म येईल. फॉर्म आणि पैसे दोन्ही भरले की जागा पक्की. ग्रुपवर नुसतं ‘मी पण’ लिहिलेलं धरलं जाणार नाही.”

यातला ‘सगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा. व्हॉट्सअ‍ॅपचा पोल करताना खाली Allow multiple answers असं बटण असतं. पहिल्या वेळी ते माझ्याकडून बंद झालं. चोवीस जणांनी मत दिलं आणि चार रविवारांना ९, ७, ५, ३ अशी मतं पडली. म्हणजे पहिला रविवार ठरला असता. बटण चालू करून पोल पुन्हा टाकला, तेव्हा आकडे ११, १३, १९, ८ आले. तिसरा रविवार कुणाच्या फारसा आवडीचा नव्हता, पण एकोणीस जणांना तो चालणार होता. सहलीला हेच हवं असतं.

पोलमधलं मत मात्र कधीही बदलता येतं, आणि कुणी काय निवडलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं. त्यामुळे जागा पक्की करायला तो उपयोगाचा नाही. फॉर्ममध्ये नाव, कुठून बसणार, रक्तगट आणि घरच्या माणसाचा फोन नंबर विचारला. घरचा नंबर ग्रुपवर मागितला तर बरेच जण टाळतात; फॉर्ममध्ये तो फक्त आयोजकांना दिसतो. उत्तरांच्या शीटमध्ये प्रत्येकाची वेळही आपोआप नोंदली जाते. एकोणीस फॉर्म आले, तेव्हा शेवटचे दोघे प्रतीक्षा यादीत कोण, यावर वाद झाला नाही. ‘कदाचित’ हा पर्याय मी मुद्दाम ठेवला नाही, कारण गाडीत ‘कदाचित’साठी सीट नसते.

फॉर्म भरल्यावर अडचण आली, तर शुक्रवार रात्रीपर्यंत मला एक फोन करा. तुमच्या जागेची वाट पाहणारे दोघे आहेत.