नट निघाला, तरी मॅग्नेट का निघत नाही?

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली उतरत नसेल, तर मॅग्नेटच्या मागचं ऑइल सील हवा ओढत असण्याची शक्यता असते. सील बदलायचं तर आधी फ्लायव्हील, म्हणजे गॅरेजच्या भाषेत मॅग्नेट, काढावं लागतं. मधला नट निघतो, पण मॅग्नेट जागचं हलत नाही.

याचं कारण क्रँकच्या आकारात आहे. त्याचं टोक निमुळतं असतं आणि मॅग्नेटचं भोकही तसंच. नट आवळला की दोन्ही एकमेकांत पाचरीसारखे रुततात. नंतर नट काढला तरी ही पकड सुटत नाही. अर्धचंद्राकृती चावी मॅग्नेटची जागा, म्हणजेच इग्निशनचं टायमिंग, ठरवते. खरा जोर टेपरची पकड पेलते.

व्हेस्पा घराण्यातल्या बऱ्याच स्कूटरांत नटाच्या पुढे सर्क्लिप असते. नट सैल होतो आणि पुन्हा जड लागतो, तेव्हा तो सर्क्लिपला टेकून मॅग्नेट ओढत असतो. सर्क्लिप हरवली असेल, तर पुलरच हवा.

पुलर मॅग्नेटच्या मधल्या आट्यांत हातानेच पूर्ण बसवावा. इथे घाई करू नका. दोन-तीन आट्यांवरच जोर दिला, तर मॅग्नेटचे आटे उडतात आणि मग पुलरला धरायला काही उरत नाही. हाताने जड जात असेल, तर पुलर त्या आट्यांचा नाही किंवा आट्यांत घाण आहे. पान्ह्याने रेटू नये. मधल्या बोल्टच्या टोकाला ग्रीस लावावं, म्हणजे क्रँकचं टोक खरवडत नाही.

आता मॅग्नेट धरून बोल्ट आवळायचा. तो घट्ट झाला की थांबून त्याच्या डोक्यावर हातोडीने एक बेताचा ठोका द्यायचा, मग पाव फेरा आवळायचा. टेपर सुटताना ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. मॅग्नेटवर घाव घालू नये किंवा मागून स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये: चुंबक तडकतात, पंख्याची पाती तुटतात, आतल्या कॉइल्सना इजा होते. काही केल्या सुटत नसेल, तर गॅरेजमध्ये न्या.

बसवताना चावी नीट पाहा. ती कातरलेली असेल, तर टायमिंग सरकतं आणि किक उलटी बसू शकते. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीसही पुसून काढा. दोन्ही टेपर पेट्रोलने धुऊन कोरडे करा. त्यांना तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. कोरड्या टेपरवरच मॅग्नेट धरून राहतं.