दोन वर्षं न उघडलेलं गूगल खातं

मोबाइलच्या दुकानात नवा फोन घेतला की दुकानदार विचारतो, ‘जीमेल आहे का?’ आहे, पण पासवर्ड आठवत नाही, असं म्हटलं की तोच दोन मिनिटांत नवं खातं उघडून देतो. नाव आपलं, त्यापुढे काहीतरी आकडे, पासवर्ड दुकानदाराने सुचवलेला. फोन चालू होतो आणि आपण घरी येतो. चार-पाच वर्षांनी फोन बदलतो तेव्हा पुन्हा हेच घडतं. आपल्याकडे अनेकांच्या नावावर अशी दोन-तीन गूगल खाती आहेत. त्यातल्या जुन्या खात्यात नातवाचं बारसं, गावची जत्रा, आता हयात नसलेल्या माणसाचे फोटो पडून असतात, आणि ते तिथे आहेत हे बऱ्याचदा घरात कुणालाच माहीत नसतं.

अशा खात्यांबद्दल गूगलने 16 मे 2023 रोजी एक धोरण जाहीर केलं. जे वैयक्तिक खातं सलग दोन वर्षं वापरलं गेलं नाही, ते आतल्या सगळ्या मजकुरासह पुसून टाकलं जाऊ शकतं. मेल, ड्राइव्हमधल्या फायली, कॅलेंडर आणि फोटो, सगळं त्यात आलं. 1 डिसेंबर 2023 पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झालं. एकदा उघडून पुन्हा कधीच न वापरलेल्या खात्यांपासून सुरुवात होईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. शाळा, कॉलेज किंवा कंपनीने दिलेल्या खात्यांना हा नियम लागू नाही.

कारण दिलं ते सुरक्षेचं, आणि ते पटण्यासारखं आहे. विसरलेल्या खात्याचा पासवर्ड जुना असतो आणि बहुधा आणखी दोन-चार ठिकाणी वापरलेला असतो. चालू खात्यांच्या तुलनेत अशा खात्यांवर दुहेरी पडताळणी असण्याची शक्यता किमान दहा पटींनी कमी असते, असं गूगलचं म्हणणं आहे. असं खातं चोराच्या हाती लागलं, तर मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘वापरणं’ म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. खात्यात लॉगिन असताना मेल वाचणं किंवा पाठवणं, ड्राइव्ह वापरणं, यूट्यूबवर व्हिडिओ पाहणं, फोटो शेअर करणं, प्ले स्टोअरवरून अ‍ॅप घेणं, गूगलवर काही शोधणं, किंवा दुसऱ्या एखाद्या साइटवर गूगलच्या खात्याने लॉगिन करणं, यातलं काहीही चालतं. नुसते मेल येऊन पडत राहिले, तर तो वापर नव्हे. वापर मोजला जातो तो खात्याचा. त्यामुळे एकाच फोनमध्ये दोन खाती असली आणि रोज एकच वापरात असलं, तर दुसऱ्याची मुदत संपत राहते.

काही खाती यातून सुटतात. ज्या खात्यावर गूगलची चालू सदस्यता आहे, ज्यात गिफ्ट कार्डाची रक्कम शिल्लक आहे, ज्यावरून मुलाचं फॅमिली लिंक खातं सांभाळलं जातं किंवा ज्यावरून पूर्वी डिजिटल पुस्तक वा सिनेमा विकत घेतला आहे, ते खातं वापरात असल्याचं धरलं जातं. यूट्यूबवर व्हिडिओ टाकलेली खाती काढून टाकण्याचा तूर्त विचार नाही, असंही गूगलने 2023 मध्येच स्पष्ट केलं होतं.

बरेच जण फसतात ते मात्र दुसऱ्याच नियमात. 1 जून 2021 पासून जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांचा वापर वेगवेगळाही पाहिला जातो. रोज मेल बघणाऱ्या माणसाने दोन वर्षं गूगल फोटोज उघडलंच नाही, तर खातं शाबूत राहूनही फोटोजमधला साठा पुसला जाऊ शकतो. म्हणून फोटो जपायचे असतील तर त्याच खात्याने फोटोज अ‍ॅप उघडलं पाहिजे. मोफत मिळणारी 15 जीबी जागा भरून दोन वर्षं तशीच राहिली, तरीही मजकूर काढला जाऊ शकतो.

पुसण्याआधीच्या काही महिन्यांत गूगल सूचना पाठवतं, एकदा नाही, अनेकदा. पण त्या जातात त्याच न उघडलेल्या पत्त्यावर, आणि पर्यायी म्हणून दिलेल्या दुसऱ्या मेलवर. दुकानात घाईत उघडलेल्या खात्याला पर्यायी मेल बहुधा दिलेलाच नसतो. म्हणजे सूचना जाते, पण पोचत नाही. उलट, ‘तुमचं खातं बंद होतंय, इथे क्लिक करा’ असे खोटे मेल आपल्या चालू पत्त्यावर हमखास येतात. त्यातल्या दुव्याला हात लावू नये. ब्राउझरमध्ये myaccount.google.com हा पत्ता स्वतः टाइप करून आत जावं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मावशीने 2019 मध्ये पहिला स्मार्टफोन घेतला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये दुसरा, नव्या खात्यासह. जुना फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणजे जुन्या खात्याची दोन वर्षं फेब्रुवारी 2026 मध्ये भरली. तेव्हापासून ते कधीही पुसलं जाऊ शकतं. त्याच दिवशी पुसलं जाईल असं नाही, म्हणून उशीर झाला तरी बघायला हरकत नाही.

पहिलं काम, जुना फोन चार्ज करणं. तो ‘साफ करून’ नातवाला द्यायची घाई करू नका. रीसेट केला तर फोनमधले फोटो जातात, शिवाय सुरू होताना तो जुन्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतो. फोन चालू झाला की घरच्या वायफायला जोडा, फोटोज अ‍ॅप उघडा आणि वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा. तिथे खात्याचा पूर्ण पत्ता दिसतो. तो कागदावर लिहून घ्या. बॅकअप चालू आहे की बंद, हेही तिथेच कळतं. बंद असेल तर काही फोटो गूगलकडे गेलेच नसतील, ते फक्त त्या फोनमध्ये असू शकतात. बॅकअप चालू असेल तर फोटोज उघडणं आणि जीमेलमधला एखादा मेल वाचणं, एवढ्यावर दोन्हीकडची मुदत नव्याने सुरू होते.

मग त्याच फोनवर सेटिंग्जमधून गूगल खात्यात जाऊन सध्याचा मोबाइल नंबर आणि घरातल्या कुणाचा तरी मेल पर्यायी म्हणून नोंदवा. पासवर्ड विचारला आणि आठवत नसेल, तर ‘Forgot password?’ निवडा. ज्या फोनवर आपण आधीच लॉगिन आहोत त्यावर ओळख पटवणं गूगलला सोपं जातं, आणि बऱ्याचदा ‘हे तुम्हीच का?’ असा प्रश्न त्याच पडद्यावर येतो.

जुना फोन चालूच होत नसेल तर वाट लांबची आहे. accounts.google.com/signin/usernamerecovery या पानावर मोबाइल नंबर आणि नाव दिलं की त्या नंबरवर कोड येतो आणि त्याला जोडलेली खाती दिसतात. इथे अडचण येते ती सिमची. आपल्याकडे 90 दिवस न वापरलेलं, शिल्लक नसलेलं प्रीपेड सिम बंद होऊ शकतं, आणि बंद झालेला नंबर आणखी किमान 90 दिवसांनी दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. त्यामुळे जुन्या नंबरवरचा कोड परक्याच्या फोनवर जाण्याची शक्यता असते. नंबर सोडण्याआधी तो सगळ्या खात्यांतून काढून टाकावा, हे म्हणूनच आवर्जून सांगतो. नंबर हातचा गेलाच असेल, तर खातं पूर्वी जिथे वापरलं जायचं त्याच घरातून, त्याच वायफायवरून प्रयत्न करा. ओळखीच्या जागेला आणि उपकरणाला गूगल वजन देतं.

पत्ता टाकल्यावर ‘Couldn’t find your Google Account’ असं आलं, तर आधी स्पेलिंग आणि आकडे तपासा. तरीही तेच येत असेल तर खातं बहुधा गेलं. तोच पत्ता नव्याने घेऊ गेल्यास तो मिळत नाही, कारण पुसलेल्या खात्याचा जीमेल पत्ता गूगल पुन्हा कुणालाच देत नाही. तेव्हा पत्ता ‘आधीच घेतलेला आहे’ असं दिसलं, म्हणजे खातं जिवंत आहे असा अर्थ काढू नका.

खातं हाती आलं की एकच प्रश्न उरतो, ठेवायचं की जाऊ द्यायचं. मला विचाराल तर फोटो चालू खात्यात आणावेत आणि जुनं खातं बंद करावं. जुन्या खात्यातून नव्या खात्याशी सगळे फोटो शेअर करता येतात. पण नव्या खात्यात ते नुसते दिसले म्हणजे आपले झाले असं नाही. ते तिथे ‘सेव्ह’ करावे लागतात. नाहीतर जुनं खातं गेलं की तेही जातात. सेव्ह केलेले फोटो नव्या खात्याची जागा व्यापतात. त्यापेक्षा घरच्या हार्ड डिस्कवर हवे असतील तर takeout.google.com वरून सगळा साठा झिप फायलींत मिळतो. तयार फायलींचा दुवा काही दिवसच चालतो, तेव्हा दुवा आला की उतरवून घ्या आणि एखादी फाइल उघडून बघा.

बंद करण्याआधी आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे त्या पत्त्यावर काय काय नोंदवलेलं आहे. जीमेलच्या शोधात बँकेचं नाव, म्युच्युअल फंड, आयकर, पीएफ, विमा असं एकेक टाकून पाहा. जिथे हा पत्ता दिलेला असेल तिथे आधी नवा पत्ता द्या. खातं गेल्यावर तिथले ओटीपी आणि पासवर्ड बदलण्याचे मेल कुठेच पोचणार नाहीत. हे झालं की मुदत संपण्याची वाट न पाहता खातं स्वतःच पुसावं. आपल्या हाताने पुसताना आत काय होतं हे तरी ठाऊक असतं.

चालू खात्यासाठी 2013 पासून एक चांगली सोय आहे, पण ती फार थोड्यांना माहीत आहे. myaccount.google.com/inactive या पानावर आपणच ठरवायचं, की 3, 6, 12 किंवा 18 महिने वापर झाला नाही तर काय व्हावं. दहापर्यंत माणसांची नावं देता येतात आणि कुणाला काय मिळावं हेही वेगवेगळं ठरवता येतं. मुलीला फोटो, भावाला ड्राइव्हमधले कागद, आणि मेल कुणालाच नाही, असंही चालतं. मुदत भरण्याआधी गूगल आपल्याला एसएमएस आणि मेल करून विचारतं. उत्तर आलं नाही तर त्या माणसांना कळवलं जातं आणि साठा उतरवून घ्यायला तीन महिने मिळतात. त्यानंतर खातं पुसावं, असंही सांगून ठेवता येतं. माणूस गेल्यावर कुटुंबीय गूगलकडे अर्ज करू शकतात, पण पासवर्ड त्यांना मिळत नाही आणि साठा मिळेलच याची हमी नसते. ही सोय केलेली असेल तर तो प्रश्न येत नाही.

इतर ठिकाणच्या मुदती वेगळ्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण 120 दिवसांच्या निष्क्रियतेनंतर जातं. याहूची मेलपेटी 12 महिन्यांनंतर रिकामी होऊ शकते. मायक्रोसॉफ्टचं खातं दोन वर्षांतून एकदा तरी उघडावं लागतं. टेलिग्राममध्ये ही मुदत आपणच सेटिंग्जमध्ये ठरवू शकतो.

तुमच्या घरात जुना, बंद फोन असेल तर या रविवारी तो चार्जिंगला लावा, फोटोज उघडा आणि त्यातला पत्ता वहीत लिहून ठेवा. आई-वडिलांच्या फोनचंही हे काम त्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारून करा.