छाती कोरडी की बाहुली मोठी?

स्वायत्त मज्जासंस्थेवरील औषधांच्या उजळणीत एक प्रश्न हमखास असावा. फवारणीनंतर शेतकऱ्याला दरदरून घाम, तोंडात लाळ, छातीत घरघर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अ‍ॅट्रोपिन पुरेसे झाले, हे कशावरून ओळखावे? (अ) बाहुल्या मोठ्या झाल्या (ब) छाती कोरडी झाली (क) स्नायूंची फडफड थांबली.

उत्तर ‘ब’. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिन मोडणारे विकर बंद पाडते, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन साचत जाते. अ‍ॅट्रोपिन त्याला फक्त मस्कॅरिनिक ग्राहींवर अडवते. स्नायूंची फडफड निकोटिनिक ग्राहींमुळे होते. म्हणून ‘क’ची वाट पाहणे व्यर्थ.

‘अ’ हा खरा फसवा पर्याय. विष थेट डोळ्यात उडाले असेल, तर बाकी शरीर सावरल्यावरही बाहुली बारीकच राहते. तिच्याकडे पाहून औषध वाढवत नेले, तर ताप, भ्रम आणि आतड्यांची हालचाल थांबणे ओढवते. प्रौढाला साधारण 1 ते 3 मिलिग्रॅमने सुरुवात करून दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. प्रत्येक वेळी स्टेथोस्कोप छातीवर ठेवायचा. नाडी आणि रक्तदाबही पाहायचा. घरघर गेली, नाडी 80 च्या वर आली की दुप्पट करणे थांबते आणि सलाईनमधून संथ मात्रा चालू राहते.