घरच्या घरीं शक्तिसंवर्धन : आठवड्यांतून तीन दिवसांचा व्यायाम

पुष्कळ घरांत खाटेखालीं डंबेल्सची एक जोडी धूळ खात पडलेली आढळते. ती विकत आणल्यावर पहिले पंधरा दिवस मुलगा रोज सकाळीं आरशापुढें उभा राहून दंडाची बेटकुळी फुगवीत असतो; पुढें हात दुखूं लागतात, बेटकुळी कांहीं वाढत नाहीं, आणि जोडी खाटेखालीं जाते. असें होण्याचीं कारणें आमच्या मतें दोन आहेत. एक, सर्व शरीर सोडून केवळ दंडांचाच व्यायाम केला जातो. आणि दुसरें, श्रम केव्हां व किती वाढवावे याचा नियमच ठाऊक नसतो. या दोन्ही उणिवा दूर करणारा एक साधा क्रम विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दिवसांविषयीं. हा व्यायाम सोमवार, बुधवार व शुक्रवार असे तीनच दिवस करावयाचा आहे. रोज केल्यानें लौकर शक्ति येईल अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु स्नायू बळकट होतो तो श्रम करीत असतां नव्हे, तर श्रमानंतरच्या विश्रांतींत. वजन उचलल्यामुळें स्नायूंत जी झीज होते तिची भरपाई करून त्याहून थोडें अधिक बळ सांठविण्याचें काम शरीर पुढील एक-दोन दिवस करीत असतें. मध्यें एक दिवस मोकळा ठेवला म्हणजे तें काम पुरें होतें, आणि प्रत्येक स्नायूस आठवड्यांतून तीन वेळां चालना मिळते. मोकळ्या दिवशीं फिरणें, खेळणें अगर सूर्यनमस्कार घालणें यांस मुळींच हरकत नाहीं.

आतां प्रत्यक्ष व्यायाम. माणसाचें शरीर जीं मोठीं कामें करतें तीं मोजकींच आहेत : बसून उठणें, पुढें ढकलणें, आपल्याकडे ओढणें, वांकून उचलणें आणि डोक्यावर उचलणें. या पांच हालचाली केल्या म्हणजे पायांपासून खांद्यांपर्यंत सर्व मोठे स्नायू कामास लागतात. दंडांसाठीं निराळें कांहीं करण्याची नवशिक्यास गरज राहत नाहीं. तिन्ही दिवस हेच पांच प्रकार याच क्रमानें करावे.

पहिला प्रकार बैठक. एक डंबेल उभें धरून दोन्ही हातांनीं छातीशीं घ्यावें, पाय खांद्यांइतके फांकवावे, आणि मागें खुर्ची आहे असें समजून खालीं बसावें. टांचा जमिनीवरून उचलल्या गेल्या, किंवा गुडघे एकमेकांकडे आंत झुकले, तर बैठक चुकली असें समजावें. पहिल्या आठवड्यांत खरोखरीच मागें स्टूल ठेवावें, त्यास किंचित् स्पर्श करून उठावें, आणि जमूं लागल्यावर तें काढून टाकावें.

दुसरा प्रकार ढकलण्याचा. हात टेंकून, टांचांपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेंत ताठ ठेवून, छाती खालीं न्यावी व पुन्हां वर ढकलावी. आपल्या तालमींतले जोर ज्यांस येतात त्यांस हें सोपें वाटेल. ज्यांस जमिनीवर एकही जमत नाहीं त्यांनीं भिंतीशीं अगर खोलीच्या कोपऱ्याशीं घट्ट टेंकविलेल्या मेजाच्या कडेवर हात ठेवावे. हात जितके उंच तितका भार हलका. कंबर मध्येंच खालीं लोंबूं लागली कीं पोटाचे स्नायू थकले असें जाणून तेथेंच थांबावें.

तिसरा प्रकार ओढण्याचा. डावा हात व डावा गुडघा बांकावर टेंकून, पाठ जमिनीशीं समांतर ठेवावी. उजव्या हातांतील डंबेल कोंपर मागें नेत कमरेजवळ ओढून घ्यावें व सावकाश खालीं सोडावें. मग हात बदलावा. अंगाला झोका देऊन वजन वर फेंकणें ही येथील नेहमीची चूक होय. मुलें दिवसभर पुढें वांकून बांकांवर बसतात. त्यांच्या पाठीस हा प्रकार विशेष हितकर आहे.

चौथा प्रकार वांकून उचलण्याचा, आणि सर्वांत अधिक चुकतो तो हाच. म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे. जमिनीवरची भरलेली घागर उचलतांना कित्येक जण पाठ धनुष्यासारखी वांकवितात, आणि पाठ धरते ती त्याच वेळीं. या प्रकारांत वांकावयाचें तें पाठींतून नव्हे, तर मांडी व धड जेथें जुळतें त्या खुब्याच्या सांध्यांतून. तें शिकण्यासाठीं एक लांब काठी पाठीवर उभी धरावी, अशी कीं ती डोक्याच्या मागच्या भागास, दोन खांद्यांमधील भागास व माकडहाडास अशी तीन ठिकाणीं टेंकेल. आतां गुडघे किंचित् सैल ठेवून, पाठीमागचें दार नितंबांनीं लोटावयाचें आहे अशा रीतीनें ते मागें न्यावे व धड पुढें झुकूं द्यावें. तिन्ही ठिकाणीं काठी टेंकलेली राहिली तर पाठ सरळ आहे. एकही स्पर्श सुटला तर ती वांकली. मांडीच्या मागच्या बाजूस ताण जाणवला कीं पुढें न जातां वर यावें. दोन-तीन दिवस ही काठीची परीक्षा उतरल्यावरच दोन्ही हातांत डंबेल्स घ्यावीं, आणि तीं मांड्यांच्या पुढच्या बाजूस लागून खालीं-वर न्यावीं.

पांचवा प्रकार डोक्यावर उचलण्याचा. डंबेल्स खांद्यांशीं धरून हात सरळ होईपर्यंत वर न्यावीं. पाठ मागें कमानदार होऊं लागली तर वजन भारी झालें असें समजावें. कोणत्याही प्रकारांत श्वास कोंडूं नये. जोर लावतांना सोडावा व परततांना घ्यावा.

आरंभीं पांच मिनिटें जागच्या जागीं चालून, हात फिरवून व दहा रिकाम्या बैठका मारून अंग ऊन करावें. पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकाराच्या दोन व पुढें तीन फेऱ्या कराव्या, आणि दोन फेऱ्यांमध्यें दीड-दोन मिनिटें विसावा घ्यावा. तीन फेऱ्यांस एकंदर पाऊण तास पुरतो.

आतां श्रम वाढविण्याचा नियम. प्रत्येक फेरींत 8 ते 12 आवर्तनें करावीं. "आणखी दोन खात्रीनें झालीं असतीं" असें वाटेल तेथें थांबावें. अगदीं हात थरथरूं लागेपर्यंत ताणूं नये. जेव्हां तिन्ही फेऱ्यांत बारा-बारा आवर्तनें नीट होतील तेव्हांच काम एक पायरी कठीण करावें. मग आवर्तनांची संख्या आपोआप आठ-नवावर उतरते, आणि पुन्हां बारापर्यंत चढावयाचें. शक्तीप्रमाणें भार पायरीपायरीनें वाढवीत नेण्याच्या या तत्त्वास शास्त्रीय रूप देण्यांत टॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांचा मोठा वांटा आहे. दुसऱ्या महायुद्धांत जखमी झालेल्या सैनिकांचे क्षीण पाय बळकट करण्यासाठीं त्यांनीं ही रीत योजिली, आणि 1945 सालीं आपले अनुभव प्रसिद्ध केले.

एक उदाहरण घेऊं. समजा, पंधरा वर्षांचा एक विद्यार्थी मेजाच्या कडेवर हात ठेवून दुसरा प्रकार करूं लागला. पहिल्या आठवड्यांत त्याच्या वहींत 9, 8 असे आंकडे पडले. दुसऱ्यांत 10, 9. तिसऱ्या आठवड्यांत तिसरी फेरी सुरू झाली : 10, 9, 8. चौथ्यांत 11, 10, 10. पांचव्यांत 12, 12, 11. येथें त्यास पुढें जाण्याचा मोह होईल, परंतु नियम पुरा झालेला नाहीं. सहाव्या आठवड्यांत सोमवारीं 12, 12, 12 झालीं. म्हणून बुधवारीं त्यानें मेज सोडून खाटेच्या कडेवर हात ठेवले, आणि आंकडे 9, 8, 8 वर आले. ही पीछेहाट नव्हे. भार वाढला आहे. खाटेवर पुन्हां बारा झालीं कीं मग जमीन.

डंबेल्सच्या प्रकारांत मात्र अडचण येते. प्रत्येकीं पांच किलोची एकच जोडी घरांत असेल, आणि तिसऱ्याच आठवड्यांत ओढण्याचीं बारा आवर्तनें सहज होऊं लागलीं, तर करावें काय? प्रथम वजन खालीं सोडतांना मनांत तीनपर्यंत मोजावें व वर एक अंक थांबावें; तेंच वजन लगेच भारी वाटूं लागतें. तेंही सोपें झाल्यावर आवर्तनें पंधरा, वीस अशीं वाढवीत जावें. हलक्या वजनानेंही, फेरीचा शेवट कठीण वाटेपर्यंत केल्यास, स्नायू वाढतात; परंतु संख्या तिसाच्या पुढें गेली तर काम शक्तीचें न राहतां दमाचें होतें, आणि मग अधिक चकत्यांवांचून उपाय नाहीं. यास्तव चकत्या घालतां-काढतां येतील अशी जोडी घेणें परवडतें. प्रत्येक वेळीं तिचे पेंच घट्ट आहेत कीं नाहींत हें मात्र पाहावें, विशेषतः डोक्यावर उचलण्यापूर्वीं.

पहिल्या महिन्यांत शक्ति झपाट्यानें वाढते, पण दंडाचें माप जवळजवळ तेंच राहतें. याचें कारण असें कीं आरंभीं स्नायूंपेक्षां मज्जातंतूच अधिक शिकतात. असलेल्या स्नायूंतील अधिक धागे एका वेळीं कामास लावण्याची त्यांस संवय होते. स्नायूंची वाढ डोळ्यांस दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. म्हणून आरशावर नव्हे, वहीवर विश्वास ठेवावा.

वजन उचलल्यानें मुलांची उंची खुंटते अशी भीति कित्येक पालकांस वाटते. हलकें वजन, योग्य रीत व वडील माणसाची देखरेख असेल तर तसें होत नाहीं, हें आतां वैद्यकशास्त्रास मान्य आहे. इजा होते ती बहुधा देखरेखीवांचून, ईर्ष्येनें भारी वजन उचलल्यामुळें अगर तें अंगावर पडल्यामुळें.

शेवटीं दुखण्याचा भेद ओळखावा. व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू जड व हुळहुळे होणें स्वाभाविक आहे. हालचाल केली म्हणजे तें कमी वाटतें. सांध्यांत एकाच जागीं सुई टोंचल्यासारखी कळ आली किंवा सूज दिसली तर तो प्रकार बंद ठेवावा. छातींत दुखणें अगर भोवळ येणें ही तर ताबडतोब थांबून डॉक्टरांकडे जाण्याची खूण होय. ज्या पालकांस हृदयविकार अगर रक्तदाब आहे, किंवा ज्या माता गरोदर आहेत, त्यांनीं आरंभापूर्वींच वैद्यकीय सल्ला घ्यावा. आजारपणानें किंवा परीक्षेमुळें आठवडा-दोन आठवडे खंड पडला तर चिंता नको. वहींतील शेवटच्या आंकड्यांपेक्षां एक फेरी कमी करून आरंभ केला म्हणजे पूर्वीची शक्ति लौकरच परत मिळते.