यंत्रमागाच्या पुस्तिकेसाठी शब्दसूची

सोलापूरची चादर ज्या मागावर विणली जाते, त्या मागाच्या देखभालीची तीन-चारशे पानांची इंग्रजी पुस्तिका मराठीत आणायचे काम आपण हाती घेतले आहे, असे समजू. प्रकरणे चौघांनी वाटून घेतली आहेत. एकाने ‘शटल’ला धोटा म्हटले, दुसऱ्याने शटलच ठेवले, तर तिसऱ्याने कोश उघडून एखादा संस्कृत शब्द शोधून काढला. वाचणारा जॉबर चालू माग थांबवून पुस्तिका उघडतो. या तीन शब्दांचा अर्थ एकच की वेगळा, हे ठरवत बसायला त्याला सवड नसते. म्हणून भाषांतराचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी शब्दसूची हवी. मराठी विश्वकोशाचेही असेच झाले. त्याचा परिभाषा संग्रह १९७३ साली निघाला आणि पहिला खंड त्यानंतर, १९७६ साली.

सूची करायची म्हणजे इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द मांडायचा, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात सूची वस्तूंची आणि क्रियांची करायची असते. इंग्रजीतच एका वस्तूला दोन नावे असतात. आडव्या धाग्याला ब्रिटिश लेखक ‘वेफ्ट’ म्हणतो, तर अमेरिकन लेखक ‘फिलिंग’. मराठीत दोन्हींसाठी ‘बाणा’ हा एकच शब्द पुरतो. उलट ‘पिक’ हा एक शब्द कधी बाण्याचा एक धागा दाखवतो, तर कधी धोटा फेकण्याची क्रिया. यंत्रमागाच्या व्यवहारात पिक म्हटले की एका इंचातील आडव्या धाग्यांची संख्या अभिप्रेत असते. येथे एका शब्दासाठी सूचीत तीन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात. (शिवाय ‘पिकांची संख्या’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला शेतातली ज्वारी आठवणार, हे वेगळेच!)

‘शेड’ या एकाच शब्दाचे उदाहरण सविस्तर पाहू. मागावर ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात. दोन्हींच्या मध्ये जी पोकळी होते, तिच्यातून धोटा जातो. इंग्रजीत या पोकळीला ‘शेड’ म्हणतात. कोशात पाहिले तर छपरी, पडवी असे अर्थ मिळतील, आणि ते येथे निरुपयोगी आहेत. मग ‘शेड’च ठेवावा का? अडचण अशी, की सोलापुरात माग ज्या इमारतीत चालतात तिलाच शेड म्हणतात. ‘शेड पूर्ण उघडली आहे याची खात्री करा’ हे वाक्य वाचून कोणी दाराकडे पाहिले, तर त्याला दोष देता येणार नाही. चूक गमतीची वाटली तरी परिणाम गमतीचा नाही. पोकळी पुरेशी उघडण्यापूर्वी किंवा मिटू लागल्यावर धोटा आत असेल, तर तो धाग्यांत अडकतो आणि ताण्याचे अनेक धागे एकदम तुटतात. ते एकेक करून जोडण्यात बराच वेळ जातो आणि तेवढा वेळ माग बंद राहतो.

‘फट’ हा साधा शब्द येथे चालेल का? एकटा शब्द पाहून हे ठरत नाही. त्याचा गोतावळा पाहावा लागतो. फट पाडणे, फटीची उंची, फट उघडण्याची वेळ, वरची बाजू, खालची बाजू अशी सर्व रूपे करून पाहिली तर ती सहज होतात आणि सामान्यरूपही अडत नाही. पण मग दोन भागांमधल्या मोकळ्या जागेला, म्हणजे ‘क्लिअरन्स’ला, पुस्तिकेत कुठेही फट म्हणता येणार नाही. तिथे ‘मोकळे अंतर’ असेच लिहायचे, आणि हा निर्णयही त्याच दिवशी सूचीत घालायचा. एक शब्द घेतला की त्याचे शेजारी असे हलतात.

प्रत्येक नोंदीत आम्ही पुढील गोष्टी असाव्यात असे म्हणू: इंग्रजी शब्द, त्याचा एका ओळीत अर्थ, ठरलेला मराठी शब्द, त्याचे लिंग, अनेकवचन व सामान्यरूप, पुस्तिकेतलेच एक वाक्य, आणि जे शब्द वापरायचे नाहीत ते. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. आमच्या मते तोच सर्वांत उपयोगी आहे. लिंगाचेही तसेच. ‘बीम’ हा शब्द कारखान्यात रुळलेला आहे, तो बदलण्यात काही अर्थ नाही. पण तो बीम की ते बीम, हे ठरवले नाही तर पानोपानी विशेषणे आणि क्रियापदे बदलत राहतील.

रुळलेले शब्द गोळा करायला जॉबर, कांडी भरणाऱ्या बाई, सायझिंगमधला कामगार यांच्याकडे जावे. धोटा, कांडी, फणी, खळ हे शब्द तिथे तयार मिळतात. सोलापूरच्या अनेक विणकर घरांत तेलुगू बोलतात, त्यामुळे एकाच भागाची दोन-तीन नावे कानी पडतील. सूचीत एकच ठेवावे. बाकीची नोंदीत लिहून ठेवली, तर वाचकाला आपल्या शब्दावरून ठरलेला शब्द शोधता येतो.

आता तपासणी. संगणकावर शब्द शोधून एकसारखेपणा पाहता येतो, पण मराठीत येथे एक खोडा आहे. उभ्या धाग्यांचा ‘ताणा’ शोधायचा म्हणून दोन अक्षरे टंकली, तर संगणक ‘ताणाचा’, ‘ताणाला’ ही रूपे दाखवतो. ती ‘ताण’ या शब्दाची आहेत! ताण्याची स्वतःची रूपे मात्र ‘ताण्याचा’, ‘ताण्याला’ अशी असल्याने सापडत नाहीत. म्हणजे हवे ते निसटते आणि नको ते हाती येते. ‘ताण्या’ वेगळे शोधावे लागते. धोट्याचे सोपे आहे, सर्व रूपांत टिकणारा भाग दिला की पुरे:

```
grep -n "धोट" manual.txt
```

जॅकार्डच्या ‘दोऱ्या’ शोधताना आणखी एक गंमत होते. त्यातले ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येते: एकात U+0931 हे अक्षर असते, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे U+200D हे न दिसणारे चिन्ह. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, शोधताना मात्र एक मिळते आणि दुसरे राहते. चौघांचे कळफलक वेगळे असतील, तर सर्व प्रकरणे आधी एकाच पद्धतीत आणून घ्यावीत.

नंतर प्रकरणनिहाय मोजणी करावी. एका प्रकरणात इंग्रजीत ‘शेड’ चौदा वेळा आहे आणि मराठीत ‘फट’ अकरा वेळा, असे समजा. उरलेली तीन ठिकाणे उघडून पाहावीत. एका जागी ‘ती’ हे सर्वनाम आले असेल. ते योग्यच आहे. दुसऱ्या जागी खरोखर इमारत अभिप्रेत असेल. तिसऱ्या जागी भाषांतरकाराने ‘पोकळी’ लिहिले असेल. तेवढेच दुरुस्त करायचे. आकडे जुळले म्हणजे सर्व बरोबर, असेही नाही. दोन चुका एकमेकींना झाकू शकतात, म्हणून आकृत्यांखालचे शब्द डोळ्यांनी वाचावेतच.

सूची एकदा बांधून ठेवता येत नाही. कापडातील दोषांचे प्रकरण आले, की धागे विरळ पडलेल्या आडव्या रेषेलाही ‘फट’ म्हणावेसे वाटेल. माग थांबून पुन्हा सुरू होताना कापड किंचित जास्त पुढे ओढले गेले, तर असा दोष पडतो. तोवर ‘फट’ आठ प्रकरणांत बसलेली असते. अशा वेळी नव्याला दुसरे नाव द्यावे, ‘विरळ पट्टा’, आणि जुने तसेच ठेवावे. जुनाच शब्द बदलावा लागला, तर तो एकानेच बदलावा; तारीख, कारण आणि कोणती प्रकरणे पुन्हा पाहायची हे सूचीत लिहावे, आणि ती प्रकरणे पाहून झाली की तिथेच खूण करावी. इंग्रजी पुस्तिकेची पुढची आवृत्ती येईल, तेव्हा नवे भाषांतरकार याच कारणांवरून शब्द पारखतील.