सरस्वती योग आणि लक्ष्मी योग : कुंडलीत ते ओळखायचे कसे?

दहावीचा निकाल लागला की मौद्यात आणि आजूबाजूच्या गावांत दोन गोष्टी हमखास बाहेर निघतात, एक गुणपत्रिका आणि दुसरी कुंडली. मुलीला पुढे शिकायला नागपूरला पाठवायचं का, हे ठरवताना कोणीतरी म्हणतं, "हिच्या पत्रिकेत सरस्वती योगच नाही, कशाला खर्च करता?" मुलीचं लग्न जुळवताना तोच माणूस म्हणतो, "पोरीला लक्ष्मी योग आहे, सासरचं भलं होईल." म्हणून आज आम्ही हे दोन योग म्हणजे नेमकं काय, ते सांगणार आहोत. म्हणजे पत्रिका समोर ठेवून तुम्हाला स्वतःच पडताळता येईल.

आधी कुंडली वाचायची रीत पाहू. आपल्याकडच्या चौकोनी कुंडलीत वरच्या बाजूचं मधलं घर म्हणजे पहिलं स्थान, म्हणजेच लग्न. तिथून डावीकडे खाली उतरत घरं मोजायची. घरात लिहिलेला आकडा हा स्थानाचा नसतो, राशीचा असतो. १ म्हणजे मेष, २ वृषभ, असं १२ म्हणजे मीनपर्यंत. घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. ५ आकडा दिसला की लोक त्याला पंचम स्थान समजतात, पण तो असतो सिंह राशीचा.

आता सरस्वती योग. मंत्रेश्वरांच्या 'फलदीपिका' या ग्रंथात त्याची व्याख्या आहे. बुध, गुरू आणि शुक्र हे तिन्ही ग्रह केंद्रात, त्रिकोणात किंवा दुसऱ्या स्थानात असावेत. केंद्र म्हणजे १, ४, ७, १० ही घरं, आणि त्रिकोण म्हणजे ५ व ९ (पहिलं घर त्रिकोणातही धरतात). शिवाय गुरू स्वतःच्या, मित्राच्या किंवा उच्च राशीत असावा. गुरूची स्वतःची घरं धनू आणि मीन, उच्च रास कर्क. मित्र रवी, चंद्र आणि मंगळ, म्हणून सिंह, मेष आणि वृश्चिकही चालतात. कुठे एकटा गुरू पाचव्या घरात दिसला की "सरस्वती योग आहे" असं सांगून मोकळे होतात. ते बरोबर नाही. तिन्ही ग्रह मोजल्याशिवाय तो योग म्हणताच येत नाही.

उदाहरणासाठी जन्मवेळ माहीत असलेलं, सगळ्यांच्या ओळखीचं नाव घेऊ: रवींद्रनाथ ठाकूर. जन्म ७ मे १८६१, कोलकात्यात, पहाटेच्या आधी. त्यांची पत्रिका मीन लग्नाची मांडतात, म्हणजे पहिल्या घरात १२ आकडा. गुरू कर्क राशीत. मीनपासून मोजत गेलं की कर्क पाचवी येते. म्हणजे गुरू त्रिकोणात आहे आणि उच्चीचाही आहे. बुध आणि शुक्र दोघेही मेष राशीत, म्हणजे दुसऱ्या घरात. तिन्ही ग्रह बसले, गुरूची अटही पुरी झाली. योग व्याख्येप्रमाणे पूर्ण आहे.

पण इथेच एक गोम आहे. त्या दिवशी शुक्र सूर्याच्या अगदी जवळ होता, म्हणजे अस्तंगत. शुक्राचा अस्त आपल्याला नवा नाही, त्या दिवसांत लग्नाचे मुहूर्त निघत नाहीत हे घराघरांत ठाऊक आहे. अस्तंगत ग्रहाचं बळ कमी धरतात. मग योग मोडला की नाही? एक ज्योतिषी म्हणेल मोडला, दुसरा म्हणेल उच्चीच्या गुरूने सांभाळून घेतला. रवींद्रनाथांना १९१३ साली नोबेल मिळालं हे आधीच माहीत असल्यामुळे बहुतेक जण दुसरं उत्तर देतात. अनोळखी पोरीच्या पत्रिकेत हाच शुक्र दिसला असता तर? आणि आणखी एक. रवींद्रनाथ शाळेत रमले नाहीत, इंग्लंडला शिकायला गेले तेही पदवी न घेता परतले. दहावीनंतर त्यांची गुणपत्रिका कोणी पाहिली असती, तर काय म्हणाला असता?

आता लक्ष्मी योग. याच 'फलदीपिके'त अट अशी आहे, की नवव्या म्हणजे भाग्यस्थानाचा स्वामी आणि शुक्र, दोघेही स्वतःच्या किंवा उच्च राशीत असावेत आणि ती रास केंद्रात किंवा त्रिकोणात यावी. दुसऱ्या एका प्रचलित व्याख्येत शुक्राच्या जागी लग्नाचा स्वामी बलवान हवा असं म्हणतात. एका व्याख्येने योग होतो, दुसरीने होत नाही, असं सहज घडतं. म्हणून कोणती व्याख्या लावली, हे विचारायला संकोचू नका.

समजा मेष लग्न आहे. नववी रास धनू, स्वामी गुरू. गुरू धनूत असला तर नवव्या घरात, कर्केत असला तर चौथ्या घरात, दोन्ही चालतं. मीन मात्र बाराव्या घरात येते, ती बाद. शुक्राच्या राशी वृषभ आणि तूळ, उच्च रास मीन. वृषभ दुसऱ्या घरात, मीन बाराव्यात, दोन्ही बाद. उरली फक्त तूळ, सातव्या घरात. गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो, शुक्र साधारण महिनाभर. म्हणजे मेष लग्नाला हा योग बारा वर्षांत दोनेक महिनेच, आणि त्यातही मेष लग्न असेल त्या दोनेक तासांतच जमतो. उलट कन्या आणि कुंभ लग्नाला भाग्याचा स्वामी शुक्रच असतो, त्यामुळे एकट्या शुक्राने काम भागतं आणि योग दरवर्षी येतो. नाव एकच, पण एक दुर्मीळ, दुसरा वरचेवर.

रवींद्रनाथांच्या पत्रिकेत हा योग नाही. भाग्येश मंगळ ना स्वतःच्या राशीत, ना उच्चीचा. तरी घर जमीनदाराचं होतं.

लग्न साधारण दोन तासांनी बदलतं. त्या दोन तासांत आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या सगळ्या बाळांना जवळजवळ तेच योग मिळतात. उलट बाळ लग्न बदलण्याच्या वेळेला जन्मलं असेल आणि वेळ आठवणीने "सात-साडेसात" अशी लिहिली असेल, तर सगळी स्थानं एका घराने सरकतात आणि योग येतो किंवा जातो. म्हणून पत्रिकेतली वेळ दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डाशी ताडून घ्या.

हे सगळं बरोबर मोजल्यावर तरी पत्रिकेवरून हुशारी कळते का? पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते, हे तपासलं. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या, आणि प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या ४० पाठवल्या. कोणती पत्रिका कोणत्या मुलाची, एवढंच सांगायचं. ५१ जणांनी पत्रिका घेतल्या, २७ जणांनी उत्तरं दिली. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं सुमारे ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. हा अभ्यास २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

अकरावीच्या प्रवेशाला मात्र शेवटची तारीख असते. योगाचं गणित नंतर सावकाश मोजता येईल, आधी पोरीचा अर्ज भरून टाका.